चहाला आधण येईपर्यंतचा व्यायाम आणि एक पान

पहाटे उठायचं, व्यायाम करायचा आणि मग शांतपणे काहीतरी चांगलं वाचायचं, हा निश्चय मी आजवर इतक्यांदा केला आहे की आमच्या घरात त्याला कुणी निश्चय म्हणत नाही. माझा नवरा त्याला ‘हंगाम’ म्हणतो. "यंदाचा हंगाम कधीपर्यंत?" असं तो विचारतो, आणि पेपरात तोंड घालतो.

त्याचं चुकतही नाही. प्रत्येक हंगामाची सुरुवात माझ्याकडून फार थाटात व्हायची. नवे बूट. पाण्याची नवी बाटली. विद्यापीठाच्या आवारातल्या झाडांखालून भरभर चालणं, आल्यावर गच्चीवर आसनं, मग जाड पुस्तकाचं एक आख्खं प्रकरण. दहा-बारा दिवस मी घरात अशी वावरायची, जणू बाकीची सगळी माणसं म्हणजे जरा मागास जमात. मग कुणीतरी पाहुणा यायचा. पाहुण्याला चहा, पाहुण्याला पोहे, पाहुण्याला स्टेशनवर सोडणं. एक दिवस बुडायचा. बुडाला की मला वाटायचं, आता मोडलंच ना, मग सोमवारपासून नव्यानं सुरू करू. तो सोमवार यायचा पुढच्या वर्षी.

यंदा मात्र गंमत राहिली नव्हती. दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसून माझी कंबर अशी झाली होती की उठताना मी आधी टेबलाचा आधार घ्यायची, मग कपाटाचा, मग समोर उभ्या असलेल्या माणसाचा. एकदा तर माझ्याकडे दाखल्यासाठी आलेल्या एका गृहस्थांचा खांदाच धरला. ते बिचारे दाखला न घेताच जायला निघाले. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "रोज थोडं करा. कमी झालं तरी चालेल, पण सोडू नका. एक दिवस चुकला तर चुकला, लागोपाठ दुसरा चुकवू नका." आणि कंबरेपेक्षाही मोठं दुखणं वेगळंच होतं. ऑफिस आणि घर यांच्या मधे माझा म्हणून दिवसाचा एक तुकडासुद्धा उरला नव्हता. सकाळचा हा तुकडाही गेला, तर मी फक्त डबे भरणारी आणि फायली सरकवणारी बाई उरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या खेपेला भांडायला तयार होते. कुणाशी, ते अजून ठरलं नव्हतं.

मग मी जरा डोकं चालवलं. आधीच्या सगळ्या हंगामांचा घात कशानं झाला? घड्याळानं. साडेपाच म्हणजे साडेपाच ठरवलं की पाहुणे नेमके साडेपाचलाच उठतात. म्हणून ठरवलं, घड्याळ नको. जी गोष्ट आपल्या घरात रोज होतेच, सूर्य उगवो न उगवो, पाहुणे असोत नसोत, तिलाच लोंबकळायचं. अशी गोष्ट आमच्या घरात एकच आहे. सकाळचा चहा.

तर, चहाचं पातेलं गॅसवर चढलं की व्यायाम सुरू. आधण आलं की व्यायाम बंद. मग कप हातात आला की पुस्तक उघडायचं. बस.

आणि व्यायामाच्या मी तीन लेकी केल्या. थोरली, मधली आणि धाकटी. थोरली म्हणजे चहा पिऊन विद्यापीठाकडे मोठी चक्कर आणि आल्यावर पुस्तकाचं प्रकरण. मधली म्हणजे गच्चीवर आसनं आणि चार-पाच पानं. धाकटी म्हणजे निव्वळ आधण येईपर्यंत: हात न लावता स्टुलावरून उठायचं, बसायचं, ओट्याला धरून टाचा उचलायच्या, टेकवायच्या, आणि नंतर फक्त एक पान. धाकटी इतकी लहान ठेवली की तिला नाही म्हणायला मलाच लाज वाटावी. कोणती लेक न्यायची ते आदल्या रात्रीच ठरवायचं, बैठकीत कोण कोण झोपलंय ते बघून. धाकटी झाली तरी दिवस भरला असंच धरायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं कलम. नाहीतर मन म्हणतं, एवढंसं करून काय होतंय, आणि आपण पुन्हा पांघरूण ओढतो.

"आज कोणती?" नवरा विचारू लागला.

"मधली."

"लग्नाला आल्या तुझ्या पोरी, पण तू काय बारीक होईनास."

"बारीक व्हायचंच नाही मला. खुर्चीतून उठायचंय."

पहिली परीक्षा प्रवासात झाली. नणंदेच्या लेकीच्या बाळाचं बारसं होतं, सेलूकडच्या एका गावात. घरून अंधारातच निघालो, चहा न घेता. देवगाव फाट्यावर उतरून पुढची गाडी पकडायची होती आणि ती येईना. तिथल्या टपरीवर नवऱ्यानं दोन चहा सांगितले. टपरीवाल्यानं पातेलं चढवलं. आणि माझे पाय आपोआप टाचा उचलायला लागले! मी टपरीच्या खांबाला धरून वर-खाली, वर-खाली. मनात म्हटलं, वा, काय योजना आहे, पायांनाच कळलंय.

फक्त एका गोष्टीचा मी विचार केला नव्हता. टपरीवरचं आधण कधी थांबतच नाही. एक पातेलं उतरलं की दुसरं चढतं, पहिल्यातच दूध ओततात, पुन्हा साखर, पुन्हा उकळी. नियम म्हणजे नियम, मी आपली चालू.

बाकड्यावरच्या एका फेटेवाल्या आजोबांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बाई, पायात गोळा आला का?"

"नाही आजोबा, व्यायाम करायलेय."

"फाट्यावर?"

"कंबरेसाठी."

ते विचारात पडले. मग उठले, टपरीचा दुसरा खांब धरला आणि त्यांनीही दोन-चारदा टाचा उचलून बघितल्या. "पोटऱ्याला लागायलंय की," ते खूश होऊन म्हणाले. त्यांच्याबरोबरचा माणूस म्हणाला, "तात्या, गाडीची वाट बघायला आलाव का तालमीत?" तोवर माझा नवरा सरकत सरकत पार खतांच्या दुकानापर्यंत पोचला होता आणि तिथल्या बंद शटरवरची पाटी फार लक्ष देऊन वाचत होता. आमची ओळख नसल्यासारखी.

मी चहा घेतला, पर्समधून पुस्तक काढलं आणि एक पान वाचलं. चालत्या गाडीत वाचलं की मला मळमळतं, तेव्हा वाचायचं ते थांब्यावरच. गाडी येईपर्यंत पान संपलं होतं. त्या दिवशी बारशात मी इतक्या आनंदात होते की पाळणा म्हणताना शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या.

खरी परीक्षा पुढेच होती. महालक्ष्म्या.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात आणि त्या थोरल्या घरी, म्हणजे आमच्या परभणीच्या घरी बसतात. पहिल्या दिवशी मुखवटे बसवायचे, साड्या नेसवायच्या, दुसऱ्या दिवशी पुरणाचा मोठा नैवेद्य आणि सोळा भाज्या, तिसऱ्या दिवशी हळदीकुंकू करून निरोप. ही झाली देवाची व्यवस्था. माणसांची व्यवस्था दोन दिवस आधी सुरू होते आणि एक दिवस नंतर संपते. बैठकीत महालक्ष्म्या, त्यांच्या पुढे आरास, आणि उरलेल्या घरात गाद्याच गाद्या. रात्री पाणी प्यायला उठलं तर कुणाच्या तरी वेणीवर पाय पडतो.

त्या आठवड्यात थोरली नाही, मधली नाही, फक्त धाकटी, हे मी आधीच जाहीर करून टाकलं.

बोरी गावाहून माझी जाऊ आली आणि तिच्याबरोबर आमच्या मावशी आल्या. मावशी म्हणजे माझ्या नवऱ्याची मावशी. सासूबाई गेल्यापासून महालक्ष्म्यांचं सगळं त्यांच्या हुकुमानं चालतं. कापसाचं, सोयाबीनचं रान स्वतः बघतात, आवाज या शेतातून त्या शेतात जाईल असा, आणि घरातल्या सगळ्यांना, माझ्या नवऱ्यालाही, ‘पोरा’ म्हणतात.

पहिल्या पहाटे मी हळूच स्वयंपाकघरात गेले. इतक्या माणसांचा चहा म्हणजे मोठं भगुणं काढावं लागलं. ते चढवलं आणि स्टुलावर उठबस सुरू केली. आता गंमत बघा. छोट्या पातेल्याला आधण चटकन येतं; भगुण्याला येता येत नाही. जितके पाहुणे जास्त, तितकी धाकटी मोठी! मी उठतेय, बसतेय, घामाघूम होतेय आणि पाण्याला अजून बुडबुडासुद्धा नाही.

"कुणी शिक्षा केली गं तुला?"

दारात मावशी उभ्या. मी स्टुलावर बसले ती उठलेच नाही.

"व्यायाम, मावशी. कंबर धरते ना."

"मंग माझ्या रानात ये की निंदायला. लय कंबर मोकळी व्हती."

पण त्या तिथेच बसल्या, माझ्याकडे बघत. शेवटी उकळी आली. मी कपाट उघडून पुस्तक काढलं. वाचनालयाचं होतं ते, हळदीचे हात लागू नयेत म्हणून मी ते एका लाल फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. महालक्ष्म्यांच्या आराशीतून उरलेलं फडकं. त्यात माझ्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. मी पाटावर बसले, फडकं सोडलं, पुस्तक मांडीवर घेतलं.

मावशींनी डोक्यावर पदर घेतला. दोन्ही हात जोडले. आणि बाहेर जाऊन असा आवाज दिला की गच्चीवरची कबुतरं उडाली असतील: "ए पोरांनो! गलका करू नगा. आत पोथी चाललीय. कुणी तिला हाक मारायची न्हाई!"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण तेवढ्यात बाहेर एकदम शांतता झाली, आणि लग्न झाल्यापासून या घरात महालक्ष्म्यांच्या पहाटे मी अशी शांतता ऐकली नव्हती. कुणी ‘वहिनी, टॉवेल कुठाय’ म्हणेना. कुणी ‘काकू, साखर’ म्हणेना. जावेनं पावलं न वाजवता आत येऊन चहा गाळला, माझ्या शेजारी कप ठेवला, आणि माझ्या पुस्तकाला नमस्कार करून गेली.

पुस्तकात त्या वेळी एका लहानशा स्टेशनचा मास्तर अचानक गायब झाला होता आणि त्याच्या बायकोनं पोलिसांना खोटं सांगितलं होतं.

मी तोंड मिटलं आणि पान उलटलं. एकाऐवजी चार पानं वाचली. नवरा दारातून डोकावला, लाल फडकं बघितलं, पुस्तकावरचं चित्र बघितलं, त्याच्या मिशा थरथरल्या. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो कुठल्याशा कामाला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मोठा नैवेद्य. भल्या पहाटे मी भगुणं चढवायला गेले तर स्वयंपाकघरात सतरंजी अंथरलेली. मावशी बसलेल्या, आणखी दोघी बसलेल्या, समोर परातीत भाज्यांचा डोंगर, पुढ्यात विळ्या. जाऊ आंघोळ करून पुरणाच्या तयारीला लागलेली, ती मागच्या दाराशी उभी. परसात चुलीवर डाळ शिजत होती.

"आज मोठ्यानं वाच," मावशी म्हणाल्या. "एकटीनंच पुण्य खाती का?"

आधी टाचा उचलून झाल्या. माझं बघून सगळ्यांनी उचलल्या, ओट्याला, दाराला, एकमेकींच्या खांद्याला धरून. मावशींना वाटलं हे पोथीआधीचं काही असेल. मग उकळी आली आणि पळवाट संपली.

मी पाटावर बसले. फडकं सोडलं. सगळ्यांनी हात जोडले. मी वाचायला लागले.

"‘मास्तरच्या टेबलावर चहाचा कप अर्धा तसाच होता. त्याच्या कडेला लाली लागलेली होती. मास्तरची बायको तर लाली लावत नसे.’"

जोडलेले हात तसेच राहिले.

मावशींनी सावकाश हात खाली घेतले. "ही कुठली पोथी गं?"

"पोथी नाही, मावशी," मी म्हटलं. "कादंबरी आहे. वाचनालयातली. हळद लागू नये म्हणून फडक्यात ठेवलीय. काल तुम्ही पोथी म्हणालात आणि... सगळे गप्प बसले. मला इतकं बरं वाटलं, की मी सांगितलंच नाही."

आता गेलं, असं मला वाटलं. चहाही जाणार, पानही जाणार आणि पुढच्या कैक वर्षांसाठी बोरीत मी म्हणजे देवाच्या नावानं खुनाच्या गोष्टी वाचणारी सून.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. आख्खं स्वयंपाकघर मावशींकडे.

"मंग तो चहा पिला कोणी?" मावशी म्हणाल्या.

"अं?"

"लालीवाली कोण व्हती? पुढं वाच की. बसली काय अशी?"

जाऊ दारातून म्हणाली, "शेजारची आसंल. त्या सिग्नलच्या केबिनवाल्याची बायको. काल पहिल्यांदा मी पुस्तक बघितलं तवाच तिच्याबद्दल लिहिलेलं व्हतं."

"तू कवा बघितलंस?"

"नमस्कार करता करता."

मी वाचत गेले. पान संपलं, मी थांबले. मावशी म्हणाल्या, "अध्याय अर्धा सोडायचा न्हाई. पोथी असू दे न्हाईतर काई असू दे, अध्याय पुरा झाला पायजे." आणि मी, जिनं एक पान हा नियम इतक्या विचारानं बांधला होता, ती हुरळून पुढे वाचायला लागले. कुणी इतकं मनापासून ऐकल्यावर कोण थांबेल? मी आवाज बदलून वाचलं. फौजदाराचा जाड आवाज काढला. मास्तरची बायको रडली तिथे मी रडले, आणि परातीवर वाकलेली एक बाई खरीच रडली. नवऱ्यानं दारातून विचारलं, "चहा मिळंल का?" तर मावशी ओरडल्या, "थांब रं पोरा! फौजदार घरात शिरलाय!"

आणि मग जाऊ नाक वर करून हुंगायला लागली. "काईतरी लागायलंय का?"

लागत होतं. परसात चुलीवरची डाळ.

आम्ही सगळ्या धावलो. भगुण्यातलं पाणी आटून डाळ खाली बसली होती आणि धुराचा वास सुटला होता. नैवेद्याची डाळ! चवही घेता येईना, आधी देवाला दाखवायचं. मावशींनी नुसता वास घेतला, डावानं वरची वरची डाळ अलगद दुसऱ्या भांड्यात काढली, तळ खरवडू दिला नाही, आणि कमी पडली तेवढी ताजी डाळ चढवायला लावली. पुरण वाचलं, पण वेळ गेला. आता सोळा भाज्या, कढी, आंबील, सगळंच मागे पडलं.

नवरा कोपऱ्यात उभा होता. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. "बास झालं आता. सण होईपर्यंत ठेव ते पुस्तक माळ्यावर. एवढं काय अडलंय?"

जाऊ मान खाली घालून डाळ निवडत होती. अगदी बरोबर बोलत होता तो. मी हो म्हणणारच होते. आणि तेवढ्यात मला ऑफिसात धरलेला तो परक्या माणसाचा खांदा आठवला, आणि दरवर्षी ‘सण होईपर्यंत’ म्हणून माळ्यावर गेलेल्या सगळ्या गोष्टी आठवल्या. त्यातली एकसुद्धा खाली आली नव्हती.

"नाही ठेवणार," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. अजून थोडा फौजदाराचाच होता.

"डाळ लागली ती पुस्तकानं नाही. नियम मोडल्यानं लागली. धाकटी म्हणजे आधण येईस्तोवर आणि एक पान. त्याच्यापुढे एक ओळ नाही. उद्या सकाळीही तेवढंच होईल, परवाही. तेवढ्यात कुणाचं काही जळत नाही."

"एका पानात काय व्हतंय गं?" मावशी कळवळून म्हणाल्या. "घास तोंडात घालून चावू देईनास!"

"एकच पान, मावशी."

"दोन."

"एक."

"महालक्ष्म्यांच्या घरात पाव्हणीला उपाशी ठिवती?"

"पुरणपोळ्या कितीही खा. पान एकच."

नवऱ्याला हसू आवरेना. तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे हीच एक गोष्ट मोजून मिळते." मग मावशीही हसल्या, जाऊ हसली, आणि सगळ्या जणी हसत हसत भाज्या चिरायला बसल्या. दिवसभर विळीवर तोच विषय. घोसाळी चिरता चिरता केबिनवाल्याच्या बायकोवर आळ आला, पडवळापर्यंत ती निर्दोष ठरली. संध्याकाळी आरतीला उभं राहिल्यावर शेजारची बाई जावेला हळूच विचारते, "तुमच्याकडं कोण गायब झालंय म्हणे?"

तिसऱ्या सकाळी मी एक पान वाचलं आणि मावशींच्या डोळ्यांत बघत पुस्तक मिटलं. फार अवघड गेलं, त्यांना आणि मलाही. कारण पानाच्या शेवटी विहिरीत काहीतरी सापडलं होतं.

महालक्ष्म्यांना निरोप दिला, आणि दुसऱ्या दिवशी माणसांनाही. मावशी रिक्षात बसल्या. मी पाया पडले. तेव्हा त्यांच्या पिशवीतून लाल फडक्याचं टोक डोकावताना दिसलं.

"मावशी, पुस्तक!"

"हां, घेतलंय मी."

"अहो, वाचनालयाचं आहे ते!"

"आणून देते की. पण माझ्यामागं तू पुढचं वाचशील, ते मला चालायचं न्हाई. नातीला वाचायला लावते. रोज एक पान. चल रे बाबा." आणि रिक्षा निघाली. नवरा रस्त्यावरच पोट धरून बसला.

आता कुणी म्हणेल, सण झाला, पाहुणे गेले, मैदान मोकळं, बाईनं थोरली काढली असेल. तर नाही. दुसऱ्या दिवशी मी उठलेच नाही. इतके दिवस गर्दीतून, गाद्यांवरून, भगुण्यांमधून जिला जपलं, ती धाकटी रिकाम्या, शांत घरात पहिल्यांदा बुडाली. नवऱ्यानंच चहा करून आणला आणि मी तो पांघरुणात प्याले. दिवसभर जुनी सवय कानाशी गुणगुणत होती, आता मोडलंच ना, मग सोमवारपासून.

पुढच्या सकाळीही मला उठायचं नव्हतं, हे खरं सांगते. कंबर दुखत होती, बाहेर भुरभुर होती, पुस्तक बोरीला होतं. पण लागोपाठ दुसरा दिवस चुकवायचा नव्हता. मी चरफडत स्वयंपाकघरात गेले, लहान पातेलं चढवलं, ओट्याला धरलं, टाचा उचलल्या. दोघांचाच चहा, आधण लगेच आलं. कप भरला. आणि वाचायला काहीच नाही. पेपर आला नव्हता. बाकीची पुस्तकं बैठकीतल्या कपाटात होती आणि आराशीचं सामान त्याच्यापुढे रचून ठेवलेलं.

मी इकडेतिकडे बघितलं. खालच्या फडताळात डब्यांखाली जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता. मी एक डबा उचलला. कुठल्याशा गावी म्हैस विहिरीत पडल्याची बातमी होती, पण वाकून नीट दिसेना. म्हणून उकिडवी बसले. अर्धी बातमी शेजारच्या डब्याखाली. तो काढून उठले, ओट्यावर ठेवला, पुन्हा बसले. मग तिसरा. म्हशीला दोर लावले होते आणि सगळं गाव जमलं होतं. चौथा डबा घेऊन उठले तेव्हा लक्षात आलं की मी कशालाच धरलेलं नाही.

"काय शोधायलीस?" नवरा दारात, चहा मागायला आलेला.

"थांब," मी म्हटलं, "म्हैस निम्म्यापर्यंत वर आलीय."

त्यानं एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग शेजारी उकिडवा बसला आणि पाचवा डबा उचलून धरला.